नव्वद रुपयांच्या बरणीचा खरा हिशोब

ताई, आम्ही भांडुपच्या दहा जणी. बचत गटातर्फे कैरीचं लोणचं करतो, २५० ग्रॅमची बरणी ९० रुपयांना विकतो. सामान आणि बरणी धरून ५६ रुपये पडतात, म्हणजे ३४ रुपये नफा. गॅस घरचाच, मेहनत आमचीच. माल बऱ्यापैकी जातो, तरी दिवाळीला वाटायला काही उरत नाही. पैसे जातात कुठे? आणि भाव वाढवायचा तर किती?

५६ रुपये बरोबरच असतील. तुम्ही हिशोब पावत्यांवरून केलेला दिसतो, आणि ज्याची पावती मिळते ते सगळं त्यात आलंय. ज्याची पावती कुणी देत नाही ते सुटलंय. तुमचे तास, कुणाच्या तरी ओट्यावरचा गॅस, चव दाखवायला उघडलेल्या बरण्या, आणि मे महिन्यात भरून दिवाळीनंतरही कपाटात बसलेल्या बरण्या. मी २० किलो कैरीची एक खेप सुरुवातीपासून मांडून दाखवते. दर मी माझ्या अंदाजाने धरलेत, त्या जागी तुमच्या पावतीतले दर घाला. रीत तीच राहील.

आधी पैशाला हात लावू नका, वजन करा. वाशीच्या बाजारातून २० किलो कैरी आणली की धुऊन, पुसून, कोय आणि डागी भाग काढून हातात साधारण साडेचौदा किलो फोडी येतात. मिठाने जवळपास मिठाइतकंच पाणी सुटतं आणि ते आपण निथळून टाकतो, म्हणून मीठ-पाण्याची फिटंफाट धरायला हरकत नाही. मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हळद, हिंग मिळून साडेतीन किलोच्या आत-बाहेर, आणि पाच लिटर तेल म्हणजे वजनाने साडेचार किलो. बेरीज साडेबावीसच्या आसपास जाते. पातेल्याला, पळीला, हाताला लागून बरण्यांत जातं २२ किलो. म्हणजे ८८ बरण्या.

हा ८८ आकडा कागदावरून घेऊ नका, भरल्यावर मोजा. पुष्कळ ठिकाणी ८८ व्हायला हव्यात तिथे ८४ होतात आणि चार बरण्या कुठे गेल्या ते कळत नाही. बहुतेक वेळा त्या गिऱ्हाइकाच्या पोटात गेलेल्या असतात. भरणारीचा हात सैल असतो, काट्यावर २६० दिसलं तरी ती म्हणते असू दे. ८८ बरण्यांत दहा-दहा ग्रॅम जास्त म्हणजे ८८० ग्रॅम, साडेतीन बरण्या. रिकाम्या बरणीचं वजन काट्यावर शून्य करून मगच भरायचं, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. कमीही भरायचं नाही, लेबलवर २५० लिहिलंय.

आता सामान. कैरी ५० रुपये किलोने १,००० रुपये. तेल ९००. मीठ-मसाला मिळून १,२५०, यात सगळ्यात मोठा घास तिखट आणि हिंगाचा. वाशीहून भांडुपपर्यंत टेम्पोत वाटा ३५०. एकूण ३,५००. बरणीच्या बाजूने पाहिलं तर बरणी-झाकण १० रुपये, आतलं सील १, लेबल ३, खोका आणि चिकटपट्टी धरून २, असे १६ रुपये. ८८ बरण्यांचे १,४०८. दोन्ही मिळून ४,९०८, आणि ८८ ने भागलं की येतात तुमचेच ५६ रुपये. इथपर्यंत आपलं जमतं.

यापुढे मेहनत. याच जागी सगळे गट अडतात, म्हणून जरा थांबून सांगते.

आमच्या गटात पहिल्या वर्षी आम्ही बारा जणी होतो. प्रदर्शनात माल धडाधड गेला, दिवाळीला गल्ला उघडला आणि प्रत्येकीच्या हातात ९०० रुपये आले. सगळ्या खूश. मी त्या रात्री घरी बसून माझे तास आठवून लिहिले, ते ६० भरले. तासाला १५ रुपये! त्याच काळात आमच्या चाळीतली एक जण समोरच्या सोसायटीत पोळ्या करायला जात होती, ती याच्या तिप्पट कमवत होती. ज्याला आम्ही नफा म्हणून वाटून घेतलं, ती आमचीच मजुरी होती, आणि तीही कापून.

तर तास लिहा. २० किलोच्या खेपेला साधारण असे जातात. बाजाराला दोघी, जाऊन-येऊन चार तास, म्हणजे ८. धुणं, पुसणं, फोडी करणं चौघींना चार तास, १६. मसाला निवडणं, भाजणं, दळणं दोघींना तीन तास, ६. मीठ लावणं, फोडणी करून गार करणं, कालवणं आणखी ६. बरण्या धुऊन कोरड्या करायला ४. भरणं, वजन, पुसणं, लेबल लावणं तिघींना तीन तास, ९. शेवटी भांडी आणि जागा आवरायला ३. बेरीज ५२ तास. यात विक्रीचा एकही तास नाही, तो पुढे येईल.

तासाला दर काय धरायचा? तुमच्या वस्तीत स्वयंपाकाच्या कामाला जाणारीला तासामागे जे मिळतं ते धरा, त्याच्या खाली जाऊ नका. मी ६० धरते. ५२ तासांचे झाले ३,१२०. म्हणजे सगळ्या कैरी-तेल-मसाल्याला जेवढे लागले, जवळजवळ तेवढीच मेहनत. आणि हीच रक्कम तुमच्या हिशोबात शून्य आहे.

बायका मला लगेच विचारतात, ताई, हे पैसे आज आम्हाला मिळणारच नाहीत, मग मांडायचे कशाला? एक कसोटी सांगते. उद्या तुमच्यातली एक जण आजारी पडली आणि फोडी करायला बाहेरची बाई लावावी लागली, तर ती फुकट येणार नाही. तिला पैसे देऊनही तुमचा भाव टिकला पाहिजे. शिवाय कुणी एकरकमी ५०० बरण्यांची मागणी घेऊन आलं आणि ८० रुपयांत मागितलं, तर ५६ च्या हिशोबाने ते सोनं वाटतं. तुम्ही हो म्हणाल आणि दोन आठवडे दहा जणी राबाल, ते कशासाठी राबलो हे नंतर कळेल. मजुरी हातात विक्रीचे पैसे आल्यावर द्या, चालेल. पण वहीत ती खेपेच्या दिवशीच चढली पाहिजे. आणि वाटताना तासांप्रमाणे वाटा. सगळ्यांना सारखं वाटण्यावरून फुटलेले गट मी पाहिलेत. चार दिवस कैऱ्या कापणारी आणि फक्त मीटिंगला येणारी एकाच रकमेवर सही करतात, तेव्हा पुढच्या मोसमात कापणारी येत नाही.

पापड करणाऱ्या गटांना हे थोडं सोपं जातं, कारण तिथे तास मोजावेच लागत नाहीत, वणाई म्हणजे लाटायची मजुरी किलोवर देता येते. लिज्जतची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन केली. तिथे आजही बायका मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि वजनावर मजुरी घेतात. फक्त एक खबरदारी हवी. ओल्या पिठाचं वजन आणि वाळलेल्या पापडाचं वजन यांत पाव ते तिसऱ्या हिश्शाचा फरक पडतो. मजुरी ओल्यावर दिली आणि भाव काढताना तोच दर वाळलेल्या किलोला धरला, तर दर किलोला तेवढं नुकसान आत लपून राहतं. दोन्ही वजनं लिहा आणि चुरा वेगळा तोला. तुम्ही पुढे पापडाकडे वळलात तर हे लक्षात ठेवा. आता लोणच्याकडे येते.

गॅसवरून गटात सगळ्यात जास्त वाद होतात आणि रकमेने तो सगळ्यात लहान असतो. सिलिंडर डोळ्यांना दिसतो, संपला की टोचतो, म्हणून असेल. मोजायची रीत सोपी आहे. काम सुरू करताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, संपल्यावर पुन्हा ठेवा. बरण्यांसाठी पाणी उकळणं, मसाला भाजणं, तेल तापवणं, सगळं मिळून एका खेपेला किलोभर गॅस जातो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर समजा १,८०० ला पडला, तर किलोला ९५ रुपये. १०० धरा. मिक्सरची वीज आणि पाणी ५०. झाले १५०, बरणीमागे पावणेदोन रुपयांच्या आत. लाल घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला नियमाने परवानगी नाही, हे एक. आणि दुसरं, तो नेहमी एकाच बाईच्या घरचा असतो. तिच्या नवऱ्याने महिन्याच्या शेवटी विचारलं की ती तुमच्यासमोर बोलत नाही, पण पुढच्या वेळी किल्ली नसल्याचं कारण सांगते. १०० रुपये असले तरी खेप संपल्याबरोबर तिच्या हातात ठेवा. उकडीचे तांदळाचे पापड किंवा चकल्या करत असाल तर मात्र गॅस लहान राहत नाही, तिथे तो नीट तोलावाच लागेल.

वर्षातून एकदाच येणारे खर्च असतात. अन्न परवान्याचं शुल्क, काट्याची तपासणी करून घेणं, पातेलं-पळ्या-चाळण्या, वहीपाणी, फोन. हे मिळून वर्षाला ५,००० झाले आणि वर्षात दहा खेपा काढल्या, तर खेपेला ५०० येतात.

आता बेरीज करू. सामान ३,५००, बरण्या १,४०८, मेहनत ३,१२०, गॅस-वीज १५०, वार्षिक खर्चाचा वाटा ५००. एकूण ८,६७८. भागिले ८८ केले की बरणीला साडेअठ्ठ्याण्णव रुपये. तुम्ही विकता ९० ला. दर बरणीमागे साडेआठ रुपये तुम्ही गिऱ्हाइकाला तुमच्या मजुरीतून देता आहात, आणि अजून विक्रीचा खर्च धरलाच नाही.

शिवाय ८८ ने भागणंही बरोबर नाही. पैसे ८८ बरण्यांचे येत नाहीत. चार बरण्या स्टॉलवर चव द्यायला उघडल्या. तीन गळल्या किंवा बुरशी धरली म्हणून गेल्या. पाच मोसम संपला तरी राहिल्या. पैसे आले ७६ चे. या ७६ बरण्यांनी सगळ्या ८८ चा खर्च उचलायचा असतो. ८,६७८ भागिले ७६, म्हणजे ११४ रुपये. हा तुमच्या बरणीचा खरा पडता भाव.

यात एक चूक शिकलेली माणसंही करतात. शंभरातल्या २५ बरण्या वाया जातात म्हणून खर्चावर २५ टक्के चढवतात. १०० रुपयांच्या बरणीचे १२५ करतात. पण ७५ बरण्यांना १२५ ने विकून ९,३७५ च येतात, खर्च १०,००० चा झालेला असतो. भागायचं असतं ते विकल्या गेलेल्या बरण्यांनी, तेव्हा १३३ येतात.

न खपलेला माल कळायला वहीत पाच रकाने पुरतात: भरल्या, पैसे आलेल्या, चवीला, खराब, आणि परत आलेल्या किंवा पडून असलेल्या. प्रत्येक बरणीवर खेपेचा क्रमांक टाका, म्हणजे कुठल्या खेपेची बरणी बिघडली ते शोधता येतं. सहावा रकाना मी मुद्दाम वेगळा सांगते, कारण तो कुणाला आवडत नाही: सभासदांनी घरी नेलेल्या. नणंदेला एक, मुलाच्या शिक्षिकेला एक, साहेबांकडे एक. न्यायला काहीच हरकत नाही, पण पडत्या भावाने पैसे ठेवून न्या. आमच्या गटात ज्या वर्षी हा रकाना सुरू केला, त्या वर्षी ‘न खपलेल्या’ बरण्या अचानक निम्म्या झाल्या. दुकानाला उधारीवर दिलेली बरणी मात्र पैसे येईपर्यंत ‘पैसे आलेल्या’मध्ये लिहू नका.

खराब बरण्यांबद्दल थोडं. एका दुकानदाराने आमच्या ११ बरण्या एकदम परत पाठवल्या होत्या, लेबलांवर तेल पसरून अक्षरं दिसेनाशी झालेली. लोणचं उत्तम होतं, पण त्या बरण्या कुणी घेणार नव्हतं. त्यानंतर आम्ही भरलेल्या बरण्या रात्रभर वर्तमानपत्रावर आडव्या ठेवू लागलो. सकाळी कागदावर डाग दिसला की ती बरणी बाजूला. सील तपासायचं, झाकण बदलायचं, मगच लेबल लावायचं. फोडणी कोमट असताना भरलं तर प्लास्टिकची बरणी किंचित आकसते आणि झाकण नीट बसत नाही, गळतीचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. बुरशीचं मूळ बहुतेक वेळा ओल्या बरणीत किंवा फोडी तेलाच्या वर उघड्या राहण्यात असतं. चवीची बरणी वेगळी ठेवा, तिच्यावर तशी खूण करा. स्टॉलवर विकायच्याच बरण्यांतून एकेक चमचा काढत बसलात तर चारऐवजी दहा जातील.

आता विक्रीचा खर्च. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के मागतो, कुणी २५. ऐकून राग येतो की आम्ही राबायचं आणि याने नुसतं फळीवर ठेवायचं. म्हणून गट म्हणतात, आम्ही प्रदर्शनातच विकू, तिथे सगळा पैसा आमचा. हे कागदावर मांडून बघा. चार दिवसांचं एखादं खाजगी प्रदर्शन, स्टॉलचं भाडं २,०००. दोघी जणी रोज नऊ तास, म्हणजे ७२ तास, ६० रुपयांनी ४,३२०. टॅक्सी, जेवण, चहा ८००. झाले ७,१२०. चार दिवसांत सगळा माल मिळून २४,००० चा खपला, तर विक्रीवर जवळजवळ ३० टक्के खर्च झाला. ज्या दुकानदारावर रागावलो होतो तो स्वस्त पडला! तेच प्रदर्शन ४०,००० ची विक्री देत असेल तर खर्च १८ टक्क्यांच्या आत येतो. म्हणून प्रदर्शन चांगलं की वाईट हे गल्ल्यातल्या नोटांवरून ठरवू नका, भाडं आणि तास वजा करून ठरवा. सरकारी सरस प्रदर्शनात स्टॉलचं भाडं सुटलं तरी तास सुटत नाहीत.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विक्री होते तिला लोक फुकट समजतात. एकेक बरणी घेऊन तीन मजले चढणाऱ्या बाईचे तास लिहा, मग कळेल. तिथे आठवड्यातला एक वार ठरवा आणि सगळ्यांना एका जागी येऊन न्यायला सांगा.

छापील किंमत सगळीकडे एकच असते, म्हणून तिच्यात विक्रीचा खर्च मावला पाहिजे. विक्रीला २० टक्के जाणार असं धरू. १५० छापले तर ३० गेले, हातात १२०, पडता भाव ११४, राहिले ६ रुपये. १६० छापले तर ३२ गेले, हातात १२८, राहिले १४. मी तुमच्या जागी १६० छापेन. हे १४ रुपयेही सगळे नफ्याचे नाहीत. मे महिन्यात सामानात आणि बरण्यांत घातलेले ४,९०८ रुपये दिवाळीपर्यंत अडकून राहतात. गटाच्या बचतीतून दरमहा शेकडा २ ने उचलले तर पाच महिन्यांचं व्याज ४९० होतं, बरणीला साडेसहा रुपये. उरतात साडेसात. पुढच्या वर्षी कैरी ७० रुपये झाली तर धक्का सोसायला तेवढे तरी हवेत. आणि १६० छापून शेजारच्या गल्लीत १२० ला विकू नका. दुकानदाराच्या कानावर ते दोन दिवसांत जातं, आणि पुढची ऑर्डर येत नाही.

१६० ला कोण घेणार, हा तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय. कंपनीच्या लोणच्याशी भावात तुम्ही जाऊच शकत नाही, तो नाद सोडा. पण भाव खाली आणायचा असेल तर तो मजुरीचा दर कापून आणू नका, तास कापून आणा. वरची यादी बघा, १६ तास धुण्या-कापण्यात जातात. बाजारात मोठ्या अडकित्त्यावर फोडी करून देणारे बसतात. किलोला १० रुपये घेतले तर २० किलोचे २००. धुणं-पुसणं तुम्हालाच करावं लागेल, कैऱ्या घरूनच धुऊन पुसून न्याव्या लागत असतील तर ही युक्ती जमणार नाही. जमली तर दहा तास वाचतात, म्हणजे ६०० रुपये. २०० देऊन ४०० वाचले, बरणीला पाच रुपये.

दुसरा मार्ग सगळ्यांना सुचतो, खेप मोठी करायची. २० ऐवजी ६० किलो. बाजाराचे आठ तास तेवढेच राहतात, आवरायला थोडेच जास्त, सगळं धरून १५६ ऐवजी साधारण १०७ तास लागतात. टेम्पोही तिप्पट घेत नाही. माझ्या हिशोबाने ६० किलोला एकूण २२,६०० च्या आसपास येतात आणि बरण्या होतात २६४. भरलेल्या बरणीला ८६ रुपये, पूर्वीपेक्षा तेरा रुपयांनी स्वस्त. इथे गट हुरळून जातात. पूर्वीच्याच प्रमाणात माल खपला, म्हणजे २२८ बरण्या, तर पडता भाव ९९ येतो, खरोखरच फायदा आहे. पण तुमची गिऱ्हाइकं तीच आहेत. त्यातल्या आणखी ४० बरण्या पडून राहिल्या आणि खपल्या १८८, तर पडता भाव होतो १२०. लहान खेपेच्या ११४ पेक्षाही वर. जिथे बरोबरी होते तो आकडा १९८ आहे. २६४ पैकी १९८ बरण्यांचे पैसे येतील याची खात्री असेल तरच ६० किलो आणा. ती खात्री गेल्या वर्षीच्या वहीतून करायची, ‘पैसे आलेल्या’ रकान्यातून. वही नसेल तर यंदा २० किलोच्या दोन खेपा, पंधरा दिवसांच्या अंतराने, आणि पहिली किती खपली ते बघून दुसरी. कैरीचा मोसम पावसापर्यंत चालतो, तेवढा वेळ मिळतो.

पडून राहिलेल्या बरण्यांचं काय? मुदत संपायची वाट पाहू नका. मुदतीला दोन महिने उरले की एखाद्या पोळी-भाजी केंद्राला किंवा डबे देणाऱ्या बाईला एकत्र देऊन टाका. ६० रुपयांनी पाच बरण्या गेल्या तर ३०० येतात. ते खेपेच्या खर्चातून वजा केले की पडता भाव ११० वर येतो. ६० म्हणजे तोटा नव्हे का, असं विचारू नका. त्या बरणीवरचा खर्च होऊन गेलाय, आता ती फुकट जाणार की ६० आणणार एवढाच प्रश्न उरलाय. मात्र हा भाव नेहमीच्या गिऱ्हाइकाला कळू देऊ नका, नाहीतर ते मोसम संपायची वाट बघत बसेल.

भाव कधी वाढवायचा तेही सांगून ठेवते. ९० छापलेल्या बरण्या घरात असतील तर त्या ९० नेच संपवा. छापील किमतीवर जास्त किमतीचा कागद चिकटवता येत नाही, कमी किमतीचा चालतो. नव्या खेपेपासून नवा भाव. आणि लेबलं हजाराने छापून घेताना त्यावर किंमत छापून घेऊ नका. किंमत, महिना आणि खेपेचा क्रमांक एवढी जागा कोरी ठेवा आणि भरायच्या दिवशी शिक्का मारा, शाई तेलाने पुसली जाणार नाही अशी बघा. आम्ही एका वर्षी किमतीसकट २,००० लेबलं छापून बसलो होतो, त्यातली ७०० अजून माझ्या माळ्यावर आहेत.